जमा झाली, पण जुळली नाही

संगणकीय हिशोबप्रणाली येणे रकमेचे वय बिलाच्या देय तारखेपासून मोजते आणि त्यानुसार स्मरणपत्रे धाडते. एका घाऊक पेढीतील प्रसंग पाहा. ग्राहकाने १,८०,००० रुपयांचे बिल मुदतीतच बँकेतून चुकते केले. कारकुनाने रक्कम खात्यावर जमा केली. मात्र ती कोणत्या बिलापोटी, हे नोंदवले नाही. बाकी शून्य झाली, तरी बिल उघडेच राहिले. आधी सौम्य, मग कडक स्मरणपत्र गेले. पेढीची अट एकूण बाकीवर नव्हे, तर सर्वांत जुन्या उघड्या बिलावर बसवलेली होती. म्हणून ६० दिवस उलटताच ग्राहकाची दिवाळीची मागणी आपोआप रोखली गेली. वेळेवर पैसे देणारा थकबाकीदार ठरला.

खूण सोपी आहे: एकाच खात्यात जुने बिल आणि तेवढीच न जुळवलेली जमा. अशा वेळी केवळ अडलेली मागणी सोडवणे पुरत नाही, पुढचीही अडेल. जमा त्या बिलाशी जुळवावी लागते. म्हणून स्मरणपत्रे काढण्यापूर्वी न जुळलेल्या जमांची यादी पाहावी. ग्राहकाकडे बोट दाखवण्याआधी आपली वही तपासलेली बरी.