एक टक्का खर्चाने 30 वर्षांत 27 लाख कसे कमी होतात?

कुर्ला स्टेशनवरून शेअर रिक्षाने बीकेसीत कामाला जाणारे बरेच जण महिन्याच्या सुरुवातीला एसआयपी भरतात. त्याच बीकेसीत सेबीचे मुख्यालय आहे. डिसेंबर 2025 मध्ये सेबीच्या मंडळाने म्युच्युअल फंडांच्या खर्चाची कमाल मर्यादा खाली आणणारे नवे नियम मंजूर केले. पॉइंटांमधली ही कपात दिसायला किरकोळ वाटते. पण 30 वर्षांचा हिशेब वेगळंच सांगतो.

समजा, कुर्ल्यातल्या दोन मैत्रिणी दरमहा 5,000 रुपये गुंतवतात. फंड एकच, खर्चापूर्वीचा परतावा दोघींना वर्षाला 12 टक्के. पहिलीचा खर्च 1 टक्का, दुसरीचा 2 टक्के. म्हणजे हातात येणारा परतावा 11 आणि 10 टक्के.

दहा वर्षांनी फरक जेमतेम 61 हजारांचा असतो. विसाव्या वर्षी तो 5 लाखांच्या वर जातो. तिसाव्या वर्षी पहिलीकडे सुमारे 1 कोटी 40 लाख असतात, तर दुसरीकडे 1 कोटी 13 लाख. फरक 27 लाखांचा, आणि दोघींनी खिशातून भरलेली रक्कम प्रत्येकी फक्त 18 लाख!

असं का होतं? खर्च हप्त्यावर नाही, साठलेल्या सगळ्या रकमेवर आकारला जातो. रक्कम एक कोटीवर गेली की एक टक्का म्हणजे वर्षाला एक लाख, आणि वर्षभराचे हप्ते मात्र 60 हजारांचेच. शिवाय कापला गेलेला रुपया पुढे वाढतही नाही. याचं बिल कधी येत नाही, कारण हा खर्च रोज थोडा थोडा वजा करूनच एनएव्ही जाहीर होते.

आपला खर्च कसा ओळखायचा? स्टेटमेंटवर योजनेच्या नावापुढे 'रेग्युलर' किंवा 'डायरेक्ट' लिहिलेलं असतं. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन धरलेलं असतं. 1 जानेवारी 2013 पासून प्रत्येक फंडाला थेट, म्हणजे डायरेक्ट, पर्याय देणं बंधनकारक आहे. दोन्हींचा एक्स्पेन्स रेशो फंड कंपनीच्या वेबसाइटवर दिसतो. फरक दरवेळी एक टक्काच असेल असं नाही. इंडेक्स फंडांत तो बराच कमी असतो.

रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं मात्र विक्री धरलं जातं. एक्झिट लोड लागू शकतो. शेअर फंडात वर्षभरानंतरचा नफा एका आर्थिक वर्षात सव्वा लाखाच्या वर गेला, तर त्यावरच्या रकमेला 12.5 टक्के कर लागतो. म्हणून बरेच जण जुनी रक्कम टप्प्याटप्प्याने हलवतात आणि नवा हप्ता लगेच डायरेक्टमध्ये सुरू करतात.

वितरक बाजार कोसळल्यावर एसआयपी बंद करू देत नसेल, तर त्याचं कमिशन वसूलही होतं. पण वर्षानुवर्षं त्याचा फोनच आला नसेल, तर ते 27 लाख कशाचे?