‘या जिल्ह्यांत’ म्हणजे नेमकं कुठे?

मोबाइलवर बातम्या आणि व्हिडिओ चालवणाऱ्या मंडळींची बाजू आधी नीट मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. ते म्हणतात, मथळ्यातच सगळं सांगून टाकलं तर आत कोण येणार? थोडं दाखवायचं, थोडं झाकायचं, ही कला आमची नाही, बापजाद्यांची आहे. कीर्तनकार आख्यान ऐन रंगात आणतो आणि मध्येच थांबून पद धरतो. मालिका नेमक्या क्षणी ‘क्रमशः’ म्हणते. आम्ही तेच करतो तर त्याला क्लिकबेट म्हणायचं आणि त्यांनी केलं की ती कला? शिवाय लोक उघडतात म्हणजे त्यांना ते आवडतं. बळजबरी कुठे आहे?

यातलं पहिलं विधान अर्धंच खरं आहे आणि दुसरं साफ खोटं आहे. पण दोन्ही इतक्या सहजपणे बोलली जातात की त्यांना सविस्तर उत्तर देणं भाग आहे.

आधी कीर्तनाचं पाहू. रत्नागिरीत नारदीय कीर्तन अजून जिवंत आहे, त्यामुळे हा दाखला इथे तरी कुणी ऐकीव माहितीवर देऊ नये. नमन झालं की बुवा मूळ पद घेतात आणि पूर्वरंगात त्याचं निरूपण करतात. आजचा विषय काय, त्यातलं तत्त्व कोणतं, हे तिथेच उघड होतं. मग बुक्का, हार आणि उत्तररंगात आख्यान. म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधीच ती कशाची आहे हे समोर बसलेल्या आजीलाही ठाऊक असतं. बहुतेक वेळा शेवटही ठाऊक असतो. हरिश्चंद्राचं काय झालं हे कळावं म्हणून कुणी येत नाही. बुवा झाकून ठेवतात ते फक्त ‘कसं’. एक धागा सोडून दुसरा धरतात, विनोदाचं आडवळण घेतात, पण सोडलेला धागा त्याच बैठकीत परत हातात घेतात. आरतीच्या वेळी एकही गाठ अर्धवट राहिलेली नसते. ‘या गावात असं काही घडलं की...’ या मथळ्यात मात्र गाव झाकलंय, माणूस झाकलाय, विषयही झाकलाय. कीर्तनाशी त्याचं नातं जोडणं हा कीर्तनावर अन्याय आहे.

याच्या उलट टोकाला बसलेले सोवळे लोकही मला पटत नाहीत. त्यांच्या मते मथळ्यात प्रश्न असणं हीच लबाडी. सगळं सरळ सांगावं. त्यांनी रत्नागिरीतच जन्मलेल्या संपादकाकडे पाहावं. जुलै १८९७ मध्ये ‘केसरी’त टिळकांनी अग्रलेखाला नाव दिलं, ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ रँडचा खून नुकताच झाला होता, पुणेकरांवर सरकारचा रोष उतरत होता. विषय कोणता, बोट कुणाकडे आहे, हे त्या मथळ्यात लपलेलं नाही. मोकळं ठेवलंय ते उत्तर, आणि ते द्यायला पुढे पूर्ण लेख आहे. प्रश्नचिन्हाने कुणी फसत नाही. प्रश्न कशाबद्दल आहे हेच लपवलं तर फसतो.

अमेरिकेतले मानसशास्त्राचे अभ्यासक जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये कुतूहलाची जी मांडणी केली, ती या वादात कळीची आहे. आपल्याला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही, यातलं अंतर जाणवलं की कुतूहल जागं होतं, असं त्यांचं म्हणणं. ‘माहितीची दरी’ दाखवा, हा सल्ला मथळे लिहायला शिकवणारे सगळे देतात. पण त्या मांडणीचा दुसरा भाग ते गाळतात. ज्याला त्या विषयातलं काहीच माहीत नाही त्याला दरी दिसतच नाही. दरी दिसायला आधी एक काठ पायाखाली लागतो. म्हणजे वाचकाला थोडं जास्त सांगितलं तर त्याची ओढ कमी होत नाही, उलट वाढते.

हे थिबा पॅलेसवर करून पाहू, कारण रत्नागिरीत कॅमेरा घेऊन येणारा प्रत्येक जण तिथे जातो. व्हिडिओचं ठरलेलं नाव असतं, ‘रत्नागिरीच्या या राजवाड्यात दडलंय भयानक रहस्य’. आता एक साधी कसोटी लावा. मथळ्याशेजारी उत्तर लिहून टाका. इथे उत्तर काय? रहस्य नाहीच. एका पदच्युत राजाला इंग्रजांनी इथे ठेवलं होतं. उत्तर शेजारी येताच मथळ्यातली हवा गेली. आता हा मथळा घ्या: ‘ब्रह्मदेशाचा राजा थिबा रत्नागिरीत ३० वर्षं राहिला, मग या राजवाड्यात त्याच्या वाट्याला जेमतेम सहाच वर्षं का आली?’ यात राजा आहे, ठिकाण आहे, दोन आकडे आहेत, आणि त्या दोन आकड्यांमध्येच दरी आहे.

उत्तरही तेवढ्याच वजनाचं आहे. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडालेहून राजाला हलवलं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणलं. तेव्हा इथे रेल्वे नव्हती, बाकी जगाशी संबंध मुख्यतः समुद्रातून. राजा मायदेशी परतला तर त्याच्याभोवती लोक जमतील ही सरकारची धास्ती होती, म्हणून ही दूरची जागा सोयीची. त्याला भाड्याच्या बंगल्यांत ठेवलं गेलं. राजवाडा बांधून १९१० मध्ये तो तिथे राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. राणी सुपयालत १९१९ मध्ये ब्रह्मदेशात परत जाऊ शकली. राजाचं थडगं मात्र रत्नागिरीतच आहे. हे सगळं शेजारी लिहून ठेवलं तरी पहिला प्रश्न मरत नाही, कारण ‘का’ला खरोखर लांब उत्तर आहे. खरी दरी उत्तर कळल्यावरही आत ओढते. खोटी दरी उत्तराच्या पहिल्या शब्दाला बुजते.

दहा मिनिटांच्या व्हिडिओत एका प्रश्नावर भागत नाही, हे मान्य. आत दुसरा धागा सोडावा लागतो: राजाच्या मुलींचं पुढे काय झालं, ते थडग्यापाशी गेल्यावर सांगतो. हे चालतं, कारण धागा कुठे बांधला जाणार ते सांगितलेलं आहे. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर शेवटच्या मिनिटापर्यंत दाबून ठेवणं, मध्ये पाच वेळा ‘ते आपण पुढे बघणारच आहोत’ म्हणणं, ही वेळकाढू वृत्ती आहे. प्रेक्षक ते लगेच ओळखतो. व्हिडिओ किती जणांनी कुठवर पाहिला हा आलेख करणाऱ्याला दिसतोच. सुरुवातीला खूप जण आणि पहिल्या अर्ध्या मिनिटातच रेषा कोसळलेली असेल, तर नावाने दिलेला शब्द आत पाळलेला नाही, असं समजावं. ‘आजकाल लोकांना धीरच नाही’ ही सबब सांगू नये.

‘लोक उघडतात म्हणजे त्यांना आवडतं’ हे विधान इथेच उघडं पडतं. उघडणं हे वाचकाच्या आशेचं माप आहे, समाधानाचं नव्हे. हे मी भाबडेपणाने म्हणत नाही. ज्यांचा धंदाच लोकांच्या बोटावर चालतो त्यांनीही ते कबूल केलंय. फेसबुकने २०१४ मध्ये लोकांना विचारलं तेव्हा १०० पैकी ८० वेळा त्यांनी असा मथळा पसंत केला, ज्यावरून लेख वाचायचा की नाही हे उघडण्याआधीच ठरवता येईल. त्यानंतर फेसबुक पाहू लागलं की लोक दुव्यावर जाऊन किती वेळ थांबतात, की लगेच परत फिरतात. परतणारे जास्त असतील तर ती पोस्ट खाली ढकलायची. यूट्यूबने २०१२ मध्येच नुसत्या पाहण्यांपेक्षा पाहण्याच्या वेळेला महत्त्व दिलं. आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांनी भारतात खास मोहीम जाहीर केली: नावात किंवा चित्रात जे कबूल केलं ते व्हिडिओत नसेल, विशेषतः ताज्या बातम्यांच्या बाबतीत, तर तो काढला जाईल. मोहिमेची सुरुवात आपल्या देशापासून झाली याची आपल्याला लाज वाटायला हवी.

एवढ्यावर थांबलो असतो, पण कोकणात या मथळ्यांनी एक रेषा ओलांडली आहे आणि तिथे माझा संताप होतो. जून उजाडला की सुरू होतं: ‘कोकणावर अस्मानी संकट! पुढचे काही तास धोक्याचे, या जिल्ह्यांत रेड अलर्ट’. ‘या’ म्हणजे कुठल्या? ‘पुढचे’ म्हणजे कधीपासून? हवामान खात्याचा इशारा मुळात जिल्हावार आणि दिवसवार असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. जिल्हा, दिवस आणि रंग या तीनच गोष्टींत त्याचा सगळा जीव आहे, आणि त्यातल्या दोन मथळेवाल्याने काढून घेतल्या. खेडला जगबुडीच्या काठी, राजापूरच्या जवाहर चौकात किंवा चिपळूणच्या बाजारपेठेत दुकान असलेल्या माणसाला हा मथळा दिसतो तेव्हा तो माल वर चढवायचा की नाही हे ठरवत असतो. तो उघडतो, आठ जाहिराती ओलांडतो आणि तळाशी त्याला कळतं की इशारा विदर्भातल्या चार जिल्ह्यांना होता, कोकणाला पिवळा. दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा तो उघडत नाही. २२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. तशी रात्र पुन्हा येईल तेव्हा न उघडणं त्याला काय किमतीला पडेल? आणि तो एका पोर्टलवरचा विश्वास गमावत नाही. ‘रेड अलर्ट’ या दोन शब्दांवरचाच गमावतो. नुकसान एकाच्या हातून होतं, भोगतात इशारे देणारे सगळे.

म्हणून माझी मर्यादा अशी. ज्या माहितीवर माणूस आज काही करणार आहे ती झाकायची नाही, एक शब्दही नाही. पूर, वादळ, घाटातली दरड, बंद रस्ता, दवाखाना, परीक्षेची तारीख, पैसे भरण्याची मुदत. तिथे कुठे, कधी, कुणाला हे मथळ्यातच हवं, आणि वाचकाचं काम मथळ्यावरच भागलं तर ते बातमीचं यश समजावं. ‘का’ आणि ‘कसं’ मात्र खुशाल राखून ठेवा. ‘दुपारी शांत असलेली वाशिष्ठी रात्रीत का फुगते?’ हा ऑगस्टातल्या उघडिपीतल्या लेखाचा उत्तम मथळा होईल. सह्याद्रीच्या उभ्या उतारावरून आखूड अंतरात खाली येणारं पाणी, आणि त्याच वेळी खाडीत भरती असेल तर त्याला बाहेर पडायला वाट न राहणं, हे उलगडायला चार परिच्छेद लागतात आणि चिपळूणकर ते वाचतील.

इशाऱ्याची बातमी कशी लिहावी, तेही सांगून टाकतो: ‘रत्नागिरी जिल्हा: उद्या सकाळपर्यंत रेड अलर्ट, नदीकाठच्या दुकानदारांनी माल आजच हलवावा’. त्याखाली हवामान खात्याने इशारा किती वाजता दिला ती वेळ. इशारा नारिंगी झाला किंवा मागे घेतला, तर त्याच बातमीचा मथळा बदलावा आणि बदलल्याची वेळ लिहावी. काल रात्रीचा लाल मथळा आज दुपारी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरताना दिसला, तर तो कुणी पाठवला ते विचारण्याआधी, तो तारखेशिवाय कुणी लिहिला ते विचारावं.