खाण आली म्हणजे कारखाना येतोच असं नाही

गडचिरोलीत लोखंड आहे, शेजारी चंद्रपुरात कोळसा आहे. मग ‘दुसरं जमशेदपूर’ इथे का झालं नाही? प्रत्येक निवडणुकीत हा प्रश्न निघतो आणि उत्तर ठरलेलं असतं: विदर्भावर अन्याय. अन्याय झालाय, मी नाकारत नाही. पण या प्रश्नाचं पहिलं उत्तर मंत्रालयात नाही, जमिनीत आहे. ते समजून घेतलं नाही तर आपण चुकीच्या गोष्टी मागत राहू.

जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये नागपुरात एम्प्रेस मिल काढली, कारण कापूस इथेच होता आणि वरोऱ्याचा कोळसा जवळ होता. पुढे चांदा जिल्ह्यातल्या लोहाऱ्याच्या लोहखनिजाबद्दलचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. खनिज उत्तम होतं. त्यांनी वरोऱ्याचा कोळसा तपासणीसाठी थेट जर्मनीला पाठवला. निकाल आला: पोलादासाठी निरुपयोगी. गिरणीचं बॉयलर चालवणारा कोळसा लोखंडाच्या भट्टीत नापास झाला. शेवटी कारखाना उभा राहिला तो झरियाच्या कोळशाजवळ, आजच्या जमशेदपूरला.

कोळसा तो कोळसाच, मग फरक कसला? झोतभट्टीत खनिज आणि कोळसा यांचे थर एकावर एक रचतात आणि खालून गरम हवा सोडतात. त्यासाठी कोळशाचा आधी ‘कोक’ करावा लागतो. काही कोळसा हवेशिवाय तापवला की मऊ होतो, फुगतो आणि त्याचे कडक, सच्छिद्र गोळे बनतात. ते वरच्या थरांचं वजन पेलतात आणि हवेला वाट देतात. वर्धा खोऱ्यातला कोळसा तसा वितळून जुळतच नाही, त्याचा भुगा होतो. भुग्याने हवेची वाट बंद, म्हणजे भट्टी बंद. वर त्यात राख भरपूर, शंभर टनांत तीस-चाळीस टन. म्हणून तो खाणीजवळच जाळून वीज करणं परवडतं. चंद्रपूरला मोठं वीज केंद्र झालं, पोलादाचं शहर झालं नाही, त्याचं मूळ इथे आहे.

ही वाटणी कुणी ठरवलेली नाही. आपलं लोहखनिज अब्जावधी वर्षांपूर्वीच्या समुद्रांत साठलं. कोळसा त्यानंतर फार उशिरा, पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी, खचलेल्या खोऱ्यांतल्या दलदलीत. दोन्ही शेजारी सापडणं हाच योगायोग आहे, आणि कोळसा कोक होणारा निघणं हा दुसरा. विदर्भाला पहिला लाभला, दुसरा नाही.

आज तर गणित आणखी बदललंय. कोकचा कोळसा देशाला मुख्यतः आयात करावा लागतो, त्यातला मोठा वाटा ऑस्ट्रेलियाचा. तो जहाजाने येतो, म्हणून किनाऱ्यावरच्या कारखान्याला सोपं जातं. रायगडमधल्या डोळवीला ना लोखंडाची खाण ना कोळशाची, पण खाडीकाठी धक्का आहे. पोलाद तिथे होतं.

मग गडचिरोलीने काय करायचं? एक वाट आहे, स्पंज आयर्न. यात खनिज वितळवत नाहीत, फिरत्या लांब भट्टीत साध्या कोळशाबरोबर तापवून त्यातला ऑक्सिजन काढून घेतात. कोक लागत नाही. चंद्रपूरजवळ घुग्घुसला हे होतं. पण राखाळ कोळशाने उत्पादन घटतं, धूर आणि जळक्या कोळशाचा कचरा उरतो, आणि पुढे त्याचं पोलाद करायला विजेची भट्टी लागते. म्हणजे विजेचा दर हाच कारखान्याचा जीव.

भाडं कसं जागा बदलतं, हे आपण उलट्या बाजूनेही अनुभवलंय. १९५०च्या दशकापासून १९९०च्या सुरुवातीपर्यंत केंद्राने पोलादाचं रेल्वेभाडं देशभर सारखं केलं होतं. जमशेदपूरचं पोलाद मुंबईत जवळपास तिथल्याच भावात मिळायचं. खाणी बिहारच्या, इंजिनीअरिंगचे कारखाने मुंबई-पुण्याचे. त्याचा फायदा आपण मुकाट्याने घेतला. तेव्हा बिहारची तक्रार होती, आज तीच तक्रार गडचिरोलीच्या तोंडी आहे.

म्हणून ‘खाण आली, आता कारखाने येतील’ या भाषणावर टाळ्या वाजवू नका. तीन प्रश्न विचारा. सुरजागडच्या खनिजातलं किती जिल्ह्यातच लोखंड होऊन बाहेर जाणार? त्या भट्ट्यांना वीज कोणत्या दराने, किती वर्षं? आणि रेल्वेवर कच्चं खनिज आणि तयार पोलाद यांच्या भाड्यात फरक किती? कच्चं नेणं स्वस्त पडलं तर ते कच्चंच जाणार. मागे राहतील खड्डे, लाल धूळ आणि रस्त्यावरचे ट्रक.

जमिनीखाली काय आहे ते आपल्या हातात नाही. हे तीन आकडे मात्र सरकारच्या हातात आहेत, आणि ते लेखी मागायला काय हरकत आहे?