मधुमेह, जुलाब आणि इसब : तीन नव्हे, एकच रोग

पुढे वर्णन केलेले बाळ कोणा एका रुग्णालयातले नाही. या आजाराची जी वर्णने प्रसिद्ध झाली आहेत, त्यांवरून ते उभे केले आहे. पण बालरोगतज्ज्ञ वाचकांना ते ओळखीचे वाटेल. मुलगा तीन आठवड्यांचा आहे. पाण्यासारखे जुलाब होत आहेत आणि तोंडावाटे सगळे बंद करून शिरेवाटे पोषण सुरू केले तरी ते थांबत नाहीत. अंगभर इसब आहे. रक्तातली साखर ४५० आहे आणि इन्शुलिनशिवाय खाली येत नाही. इओसिनोफिल वाढलेले आहेत, आयजीई वयाच्या मानाने फार जास्त आहे. पोटाचे डॉक्टर दुधाच्या ॲलर्जीचा विचार करतात, त्वचेचे डॉक्टर झिंक देऊन पाहतात, साखरेसाठी तिसरेच पथक येते. प्रत्येकाचा विचार आपापल्या जागी रास्त असतो. मात्र आईच्या माहेरी कोणी विचारलेले नसते. तिचा एक भाऊ तान्हेपणीच जुलाबांनी गेला होता, हे आजीला ठाऊक असते.

या मुलाचा आजार आयपेक्स. त्याचे मूळ एक्स गुणसूत्रावरच्या फॉक्सपी३ या एकाच जनुकात आहे आणि ज्या पेशींचे काम त्यामुळे बिघडते त्या नियामक टी पेशी, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या टी-रेग. २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना याच पेशींच्या शोधासाठी मिळाले. त्यानंतर बरेच लिहिले गेले, पण खाटेवरच्या या बाळाशी त्या विज्ञानाचा संबंध कमी ठिकाणी सांगितला गेला, असे आम्हांला वाटते.

सुरुवात आईपासून करू. तिच्या एका एक्स गुणसूत्रावर बिघडलेले फॉक्सपी३ आहे आणि तरीही ती ठणठणीत असते. एक्स निष्क्रिय होण्याच्या नियमाने तिच्या साधारण निम्म्या टी पेशींत बिघडलेलीच प्रत चालू असते. दोष जर प्रत्येक टी पेशीच्या आतला असता, म्हणजे फॉक्सपी३ नसलेली पेशी आपणहून बेभान होत असती, तर आईही निदान अर्धी आजारी असायला हवी होती. तसे होत नाही, कारण तिच्या टी-रेग पेशी चांगली प्रत चालू असलेल्या पेशींमधूनच तयार होतात आणि त्या उरलेल्या सगळ्यांना आवरून धरतात. फॉक्सपी३चा अभाव इतर पेशींना हिंसक बनवत नाही. त्यांना आवरणारे कोणी उरत नाही, एवढेच. आक्रमण करू शकणाऱ्या पेशी आईत आहेत, आपल्या सर्वांत आहेत.

हाच पुरावा उंदरांत आधी मिळाला. १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत आपोआप उपजलेल्या एका वाणातले नर पिल्लू खवल्यांच्या कातडीचे, मोठ्या प्लीहेचे असे आणि तीन-चार आठवड्यांत मरे. या ‘स्कर्फी’ उंदराचे जनुक ब्रंको आणि रॅम्सडेल यांनी २००१ मध्ये शोधले. जनुकात दोन बेस जास्तीचे घुसले होते आणि त्यामुळे प्रथिन अर्ध्यावर तुटत होते. त्याच वर्षी आयपेक्सच्या मुलांत मानवी फॉक्सपी३ सदोष सापडले. तिकडे साकागुचींनी १९९५ मध्ये दाखवून दिले होते की उंदराच्या सीडी४ पेशींतल्या सुमारे दहा टक्के पेशींवर सीडी२५ असते. त्या काढून उरलेल्या पेशी थायमस नसलेल्या उंदरात घातल्या, तर थायरॉइड, जठर, अंडाशय अशा अनेक अवयवांवर हल्ला होतो. काढलेल्या पेशी परत दिल्या की तो टळतो. २००३ मध्ये हे दोन धागे एकत्र आले. फॉक्सपी३ हीच या पेशींची ओळख ठरली, आणि नुकत्याच जन्मलेल्या स्कर्फी पिल्लाला निरोगी उंदराच्या सीडी२५ पेशी दिल्या की ते वाचते हेही दिसले.

या पेशी दडपतात कशा? पाठ्यपुस्तकात यंत्रणांची लांब यादी असते आणि सगळ्या सारख्याच महत्त्वाच्या वाटतात. एकेक यंत्रणा फक्त टी-रेगमधून काढून टाकल्यावर काय होते, हे पाहिले की मात्र त्यांचे वजन कळते.

सर्वांत जड आहे सीटीएलए-४. साध्या टी पेशीला जागे होण्यासाठी प्रतिजनाशिवाय आणखी एक इशारा लागतो. डेंड्रायटिक पेशीच्या पृष्ठभागावरचे सीडी८० आणि सीडी८६ हे रेणू तो देतात. टी-रेग आपल्या सीटीएलए-४ने हे रेणू पकडते, डेंड्रायटिक पेशीच्या अंगावरून ओढून काढते, स्वतःच्या आत घेते आणि तिथे त्यांचा नाश करते. त्यानंतर डेंड्रायटिक पेशी प्रतिजन दाखवत राहते खरी, पण तिच्याजवळ दुसरा इशारा उरत नाही आणि शेजारून जाणारी टी पेशी जागीच होत नाही. म्हणूनच थोड्याशा टी-रेग पेशी मोठ्या जमावाला पुऱ्या पडतात. एकेका आक्रमक पेशीशी झुंजण्याऐवजी त्या ज्या पेशीकडून सगळे जागे होतात तिलाच निष्प्रभ करतात. फक्त टी-रेगमधून सीटीएलए-४ काढले तरी उंदीर ऑटोइम्यून विकाराने मरतात.

दुसरी यंत्रणा आयएल-२ची. टी-रेगवर सीडी२५ भरपूर असल्यामुळे आयएल-२ धरण्याची त्यांची ताकद मोठी असते, पण फॉक्सपी३मुळे त्या स्वतः ते बनवत नाहीत. साध्या टी पेशी चेतल्या की आयएल-२ सोडतात. टी-रेग ते शोषून घेतात, त्यावर वाढतात आणि चेतलेल्या पेशींच्या वाट्याला कमी ठेवतात. जितकी चेतना जास्त तितका दाबही जास्त, असे हे वर्तुळ आपोआप चालते.

तिसरी आयएल-१०ची, आणि तिची कक्षा मर्यादित आहे. टी-रेगमधून फक्त आयएल-१० काढले तर आतडे आणि फुप्फुसे यांच्यासारख्या बाहेरच्या जगाला भिडणाऱ्या ठिकाणी दाह होतो, पण सर्वांगाला ग्रासणारा आजार होत नाही. कोणत्याही एका यंत्रणेच्या जाण्याने आयपेक्सचे पूर्ण चित्र उभे राहत नाही. फॉक्सपी३ गेले की सगळ्याच एकदम जातात.

आणि हे काम फक्त तान्हेपणी लागते असेही नाही. मोठ्या, निरोगी उंदरांतल्या टी-रेग औषधाने नष्ट केल्या की तेही दोन-तीन आठवड्यांत मरतात. म्हणजे थायमसमध्ये स्वतःविरुद्धच्या पेशी कितीही चाळल्या तरी काही बाहेर पडतातच आणि त्यांना आयुष्यभर रोज आवरावे लागते. थायमसची चाळणीच बिघडली, म्हणजे एअर जनुक निकामी झाले, तर विकार होतो. पण तो वर्षानुवर्षांत, एकेका ग्रंथीला गाठत येतो. टी-रेग नसल्या तर काही आठवडे पुरतात, कारण थोपवून धरलेल्या सगळ्याच पेशी एकाच वेळी मोकळ्या होतात आणि आतडे, त्वचा, स्वादुपिंड, थायरॉइड, रक्तपेशी, मूत्रपिंड अशा सर्वांचा पाठलाग सुरू होतो.

आता आपल्या बाळाकडे परत येऊ. सहा महिन्यांच्या आतल्या मधुमेहाला नेहमीचा टाइप-१ समजून पुढे जाऊ नये. जनुकीय तपासणी लगेच पाठवावी. कारण बहुधा पोटॅशियम चॅनलच्या किंवा इन्शुलिनच्या जनुकात निघेल, पण मुलगा असेल आणि सोबत जुलाब वा इसब असेल तर फॉक्सपी३ त्या यादीत असलेच पाहिजे. आतड्याच्या बायॉप्सीत व्हिलाय झडलेले आणि लिम्फोसाइटची गर्दी दिसते. झिंकच्या कमतरतेत पुरळ तोंडाभोवती, गुदाभोवती आणि हातापायांच्या टोकांना असते आणि झिंक दिल्यावर काही दिवसांत फरक पडतो. फरक पडला नाही तर वाट पाहत बसू नये.

सर्वांत जास्त फसगत फ्लो सायटोमेट्रीत होते. ‘फॉक्सपी३ पॉझिटिव्ह पेशी नॉर्मल’ असा अहवाल आला की आयपेक्स नाही, असे मानले जाते. हे चूक आहे. अनेक बदलांत प्रथिन तयार होते, अँटिबॉडीला चिकटते, मोजले जाते, पण काम करत नाही. उलट बाजूने, माणसाच्या साध्या टी पेशीही चेतल्यावर काही काळ फॉक्सपी३ दाखवतात, म्हणून दाह असलेल्या बाळातला आकडा फुगू शकतो. पेशींचा आकडा हे कार्याचे माप नव्हे; निदान जनुकाच्या वाचनानेच होते. तिथेही एक खड्डा आहे. काही कुटुंबांत दोष प्रथिनाच्या संकेतात नसून जनुकाच्या शेवटच्या पॉलिएडेनिलेशन संकेतात असतो, आणि फक्त एक्सॉन वाचणाऱ्या तपासणीतून तो निसटू शकतो. चित्र ठाम असेल तर प्रयोगशाळेला हा भाग वाचला का, असे स्पष्ट विचारावे.

आणि फॉक्सपी३ निर्दोष निघाले तर? मग सीडी२५, एलआरबीए, सीटीएलए-४ ही जनुके पाहावीत. एलआरबीए हे प्रथिन सीटीएलए-४ला पेशीच्या आत नष्ट होण्यापासून वाचवते. ते नसले तर टी-रेगचे मुख्य हत्यारच कमी पडते. हा दोष ऑटोसोमल रिसेसिव्ह आहे, त्यामुळे मुलींनाही होतो आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या आपल्याकडच्या घरांत तो मुद्दाम मनात धरावा. इथे निदानाचा लगेच उपयोग आहे, कारण अबाटासेप्ट हे औषध सीटीएलए-४चेच बाहेरून दिलेले रूप आहे आणि या रुग्णांत ते गुण देते. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेली आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजी संस्था प्राथमिक प्रतिकारदोषांच्या निदानाचे काम वर्षानुवर्षे करते आहे. नमुना पाठवण्याआधी तिथल्या तज्ज्ञांशी बोलून घेतले तर पुष्कळ दिवस वाचतात.

घाई कशासाठी, तर उपचारांसाठी. स्टेरॉइड आणि सिरोलिमस यांनी दाह आटोक्यात येतो. सिरोलिमसकडे कल असण्याचे एक कारण म्हणजे टॅक्रोलिमसप्रमाणे ते आयएल-२ची निर्मिती थांबवत नाही. पण कायमचा इलाज मूलपेशी रोपणाचाच. २०१८ मध्ये जगभरच्या ९६ आयपेक्स रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. रोपणाच्या वेळी अवयवांची हानी जितकी कमी, तितकी वाचण्याची शक्यता जास्त, असे तीत दिसले. रोपणात दात्याच्या सगळ्या पेशी रुजल्याच पाहिजेत असे नाही. आईच्या शरीरात जे घडते तेच इथेही घडते : मिश्र रक्तातही टी-रेग दात्याच्याच टिकून राहतात आणि उरलेल्यांना आवरतात. मात्र नष्ट झालेल्या बीटा पेशी परत येत नाहीत. रोपण यशस्वी झाले, जुलाब थांबले, त्वचा स्वच्छ झाली तरी इन्शुलिन बहुधा सुरूच राहते, आणि हे आईवडिलांना रोपणाआधीच सांगायला हवे.

त्याच बैठकीत आईची वाहक म्हणून तपासणी, तिच्या बहिणींशी बोलणे आणि पुढच्या गर्भारपणी अकराव्या आठवड्यापासून करता येणारी कोरियॉनिक व्हिलस तपासणी हे विषयही काढावेत. आईच्या बहिणीला मुलगा झाला असेल आणि त्याला इसब असेल, तर त्याची साखर त्याच आठवड्यात पाहावी.