पातळ झालेला पडदा आणि लेझरचा प्रश्न

आमच्या आपांना तिसरीत असताना चष्मा लागला. भांडुपच्या सोनापुरात तेव्हा शेजारच्या बायका अम्मीला विचारायच्या, "एवढा जाड चष्मा, मुलीचं लग्न कसं जमणार?" लग्न जमले, मुले मोठी झाली, नंबर मात्र वाढत राहिला. आज आपा ४९ वर्षांच्या आहेत. उजव्या डोळ्याचा नंबर उणे ११ आणि डाव्याचा उणे साडेबारा. चष्म्याची काच जाड होते, यापलीकडे आम्ही घरच्यांनी कधी विचार केला नव्हता.

गेल्या वर्षी रमजानच्या आधी त्या चष्मा बदलायला गेल्या. डॉक्टरांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या, आतला पडदा पाहिला आणि म्हणाले, "दोन्ही डोळ्यांत कडेला पडदा पातळ झालाय. याला लॅटिस म्हणतात. लेझर करून घ्या." आपा घाबरल्या आणि दुसरीकडे गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी तेच लॅटिस पाहिले आणि सांगितले, "आत्ता काही करू नका, लक्ष ठेवा." रात्री आम्हांला फोन आला. "तू बीएड केलंस ना? मग सांग, दोघांतलं खरं कोण बोलतंय?"

या प्रश्नाने आम्हांला बरेच शिकवले, म्हणून या महिन्यात तोच विषय घेतला आहे.

साधारण डोळा पुढून मागे सुमारे २४ मिलिमीटर लांब असतो. आपांचा डावा डोळा साडेअठ्ठावीसच्या पुढे गेला आहे. एक मिलिमीटर लांबी वाढली की नंबर अडीच-तीनने वाढतो. पण डोळा लांबला म्हणून आतला पडदा नवा तयार होत नाही. कणकेचा तोच गोळा मोठा लाटला की रोटी पातळ होते, तसा तो ताणला जातो. म्हणून ज्यांनी ऑपरेशन करून चष्मा घालवला, त्यांचाही धोका जात नाही. ऑपरेशनने बुबुळ बदलते, डोळ्याची लांबी तीच राहते.

एवढा मोठा नंबर पूर्वी आपल्याकडे विरळाच होता. नागपूरजवळच्या खेड्यांत २००६ ते २००८ या काळात ३० वर्षांवरील ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले. त्यांत उणे ६ च्या पुढचा नंबर शंभरात जेमतेम एकाला निघाला. त्यामुळे पुढे काय होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना ठाऊक नसते.

आता लेझरविषयी. लेझरने पातळ पडदा जाड होत नाही. त्याने बारीक डाग दिले जातात, तिथे वण धरतो आणि पडदा मागच्या भिंतीला चिकटतो. कापडाला टाके घालावेत तसे. हे टाके घट्ट धरायला दोन-तीन आठवडे लागतात. आणि जिथे टाका घातला, तिथेच तो धरतो.

भीती असते ती पडदा सुटण्याची. डोळ्यात जेलीसारखा द्रव असतो. वयाप्रमाणे तो पातळ होतो आणि पडद्यापासून सुटू लागतो. मोठ्या नंबरवाल्यांत हे लवकर होते. सुटताना तो एखाद्या जागी पडदा ओढतो आणि फाट पडते. फाटीतून पाणी मागे शिरले की पडदा भिंतीपासून उचलला जातो. लोक त्यालाच "पडदा सरकला" म्हणतात.

मग पातळ जागा आधीच का टाकू नये? अमेरिकेतील डॉ. नॉर्मन बायर यांनी लॅटिस असलेल्या ४२३ डोळ्यांवर लेझर न करता सरासरी सुमारे अकरा वर्षे लक्ष ठेवले. त्यांचा अहवाल १९८९ साली आला. त्यांत पडदा फक्त ३ डोळ्यांत सुटला. शिवाय फाट पुष्कळदा आधी निरोगी दिसणाऱ्या जागीच पडते. ते सगळे लोक आपांसारख्या मोठ्या नंबरचे नव्हते, हे खरे. पण एका डोळ्याचा पडदा सुटलेल्यांच्या दुसऱ्या डोळ्यावर लेझर केले, तेव्हा थोडा फायदा दिसला. तोही ज्यांचा नंबर ६ च्या पुढे आणि लॅटिस फार पसरलेले होते, त्यांच्यात दिसला नाही. ज्यांना सर्वांत जास्त भीती, त्यांनाच कमी लाभ! वाद इथे आहे, आणि म्हणून दोन चांगले डॉक्टर दोन गोष्टी सांगू शकतात.

आम्ही आपांना घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे पुन्हा गेलो आणि प्रश्न विचारले. लॅटिसमध्ये फाट आहे का? नाही, उजवीकडे दोन बारीक गोल भोके आहेत, ओढ नाही. आपांना चमक दिसते का? नाही. घरात कुणाचा पडदा सुटला होता का? नाही. मोतीबिंदूचे ऑपरेशन जवळ आले आहे का? नाही. यांतले एखादे उत्तर "हो" असते, तर पारडे लेझरकडे झुकू शकले असते, असे डॉक्टर म्हणाले. मग ठरले, दर सहा महिन्यांनी थेंब घालून तपासणी.

अम्मीचा प्रश्न वेगळाच होता, "सजदा केला तर पडदा फाटेल का?" डॉक्टरांनी समजावले की नेहमीच्या वाकण्याने पडदा फाटत नाही, तो आतल्या ओढीने फाटतो. डोळ्यावर चेंडूचा किंवा कोपराचा मार मात्र टाळायचा. ऑपरेशन झाले असेल तर डोके कसे ठेवायचे, ते डॉक्टर सांगतील तसेच.

चार महिन्यांनी, एका गुरुवारी रात्री, आपांना डाव्या डोळ्याच्या कडेला वीज चमकल्यासारखे दिसले आणि काळे ठिपके माशांसारखे फिरू लागले. त्यांनी सकाळची वाट पाहिली, पण सोमवारची नाही. शुक्रवारी डॉक्टरांना वरच्या बाजूला घोड्याच्या नालासारखी फाट सापडली. ती लॅटिसपासून दूर होती. आधी लॅटिसला लेझर केले असते, तरी ही जागा तशीच राहिली असती. त्याच दिवशी फाटीभोवती लेझरच्या तीन ओळी दिल्या. इथे डॉक्टरांत वाद नाही. चमक आणि ठिपक्यांसह अशी फाट पडली की उपचाराविना जवळपास निम्म्या डोळ्यांत पडदा सुटतो. वेळेवर लेझर केल्यास अगदी थोड्यांत. आपांचा पडदा जागेवर आहे, अल्हम्दुलिल्लाह. काळा पडदा आल्यासारखा दिसू लागला असता, तर लेझरची वेळ टळून ऑपरेशनची आली असती.

कडेच्या या गोष्टीत एक दुसरी विसरली जाते. आपण वाचतो आणि चेहरे ओळखतो ते पडद्याच्या मधल्या भागाने. तोही ताणाने झिजतो. वर्षानुवर्षे तिथे फिकट डाग पडतात, पडद्याखालच्या थरात बारीक चिरा पडतात. या झिजेला लेझर, थेंब, गोळी काही उपयोगी नाही. पण चिरेतून नव्या नाजूक रक्तवाहिन्या उगवल्या आणि झिरपू लागल्या, तर सरळ रेषा वाकडी दिसते किंवा मधोमध धूसर ठिपका येतो. त्यावर डोळ्यात इंजेक्शन देतात, आणि ते लवकर दिले तर नजर वाचवता येते.

म्हणून आपांनी सवय लावून घेतली आहे. फजरनंतर पुरेसा उजेड झाला की चष्मा लावून खिडकीच्या गजांकडे पाहायचे, आधी एक डोळा झाकून, मग दुसरा. दोन्ही उघडे ठेवले तर चांगला डोळा वाईटाची चूक झाकतो. गज वाकला, की त्याच दिवशी दवाखाना.

परवा त्यांनी मुलीलाही थेंब घालून तपासून आणले. तिचा नंबर उणे ७ आहे आणि ती वीस वर्षांची आहे.