ट्विस्ट शेवटी नसतो

थ्रिलरबद्दल आपण हल्ली जे लिहितो ते बहुतेक वेळा एका वाक्यात मावतं. "शेवट आधीच ओळखला" किंवा "शेवट अजिबात ओळखता आला नाही". पहिलं असेल तर दोन स्टार, दुसरं असेल तर पाच, आणि मग फोनमधून पुस्तक डिलीट. माझं भांडण या मोजपट्टीशी आहे. वाचकाला चकित करणं मुळात सोपं आहे. ज्याच्यावर कधी संशयच आला नाही अशा कुणाच्याही हातात शेवटच्या प्रकरणात सुरी द्या, काम झालं. पुस्तक नीट बांधलंय की नुसतं दडवलंय, हे पहिल्या वाचनात कळूच शकत नाही. ते दुसऱ्या वाचनात कळतं, आणि तेवढं वाचन करायची आपली तयारी नसते.

उदाहरण घेतो ॲगाथा ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'चं. पुढच्याच वाक्यात खुनी कळणार आहे. पुस्तक १९२६ सालचं आहे, तेव्हा स्पॉयलरची तक्रार कृपया करू नका. गोष्ट सांगणारा गावातला डॉक्टर शेपर्ड हाच खुनी आहे.

आता हे माहीत असताना खुनाच्या संध्याकाळचं प्रकरण पुन्हा वाचा. डॉक्टर ॲक्रॉइडच्या अभ्यासिकेत बसलाय. आदल्या रात्री मरण पावलेल्या एका बाईचं पत्र येतं. तिला ब्लॅकमेल कोण करत होतं, ते नाव त्या पत्रात आहे. ॲक्रॉइड ते मोठ्याने वाचायला लागतो, नाव यायच्या आधी थांबतो आणि बाकीचं एकट्याने वाचीन म्हणतो. डॉक्टर आग्रह करतो, ॲक्रॉइड ऐकत नाही. मग डॉक्टर सांगतो की पत्र आलं तेव्हा नऊला वीस मिनिटं होती, आणि मी निघालो तेव्हा नऊला दहा. पत्र अजून वाचायचं राहिलेलंच होतं. दाराशी पोचल्यावर तो जरा घुटमळतो, मागे वळून पाहतो, काही करायचं राहिलं का असा विचार करतो.

पहिल्या वाचनात आपली नजर त्या पत्रावर खिळलेली असते. नाव कळणार की नाही, एवढाच प्रश्न. घड्याळाकडे कोण बघतो? दुसऱ्या वाचनात पत्र बाजूला पडतं आणि दोन वेळांच्या मधली दहा मिनिटं दिसायला लागतात. खून त्या दहा मिनिटांत झालाय. शब्द एकही बदललेला नाही.

मी नोकरीत सर्व्हरचे लॉग वाचतो. काही बिघडलं की मी नुसत्या एररच्या ओळी बघत नाही, वेळांमध्ये कुठे पोकळी आहे तेही बघतो. दर सेकंदाला नोंद करणारा प्रोग्राम मध्येच दहा सेकंद गप्प बसला, तर त्या गप्प बसण्यात उत्तर असण्याची शक्यता मोठी. शेपर्डचं निवेदन हा तसाच एक लॉग आहे.

पण पोकळी सापडणं ही सुरुवात झाली. खरी मजा पुढे आहे, कारण कादंबरीतला बाकीचा प्रत्येक विचित्र तपशील या पोकळीतून निघतो. नऊच्या आधी खून झाला, तर साडेनऊला ॲक्रॉइड जिवंत आहे असं लोकांना वाटायला हवं. म्हणून साडेनऊला बंद दाराआडून त्याचा आवाज ऐकू येतो. तो आवाज डिक्टाफोनचा आहे. म्हणजे ते यंत्र पोलीस यायच्या आत खोलीतून काढायला हवं. म्हणजे प्रेत सापडताना डॉक्टर तिथे हवा. म्हणून त्याला रात्री सव्वादहाला एक फोन येतो, जो नंतर रेल्वे स्टेशनवरून आल्याचं कळतं. आणि दार फोडताक्षणी यंत्र कुणाला दिसू नये म्हणून एक मोठी खुर्ची नेहमीच्या जागेवरून पुढे ओढलेली असते; काम झाल्यावर ती परत मागे जाते. पॉयरो त्या खुर्चीबद्दल विचारत राहतो आणि आपल्याला वाटतं, म्हातारा उगाच फर्निचरमध्ये अडकलाय.

मराठीत आपण याला 'पूर्वसूचना' म्हणतो, आणि मला वाटतं घोळ तिथेच होतो. सूचना म्हटलं की वरून पेरलेली वस्तू डोळ्यांसमोर येते: कुत्रं रडलं, दिवे गेले, नायिकेचा जीव घाबराघुबरा झाला. वेब सीरिजमध्ये कॅमेरा एखाद्या कात्रीवर तीन सेकंद जास्त थांबतो. ही सजावट आहे. ती काढून टाकली तर कथेचं काहीही बिघडत नाही. खुर्ची काढली तर मात्र खून करणाऱ्याची योजनाच कोसळते. पहिली कसोटी ही: तपशील काढून बघा, उत्तर टिकतं का? दुसरी: पहिल्या वाचनात त्या वाक्याला स्वतःचं प्रामाणिक काम होतं का? पत्राच्या प्रसंगात ते आहे. तो उत्कंठा वाढवतो. ज्या वाक्याला फक्त दुसऱ्या वाचनातच काम आहे, ते पहिल्या वेळी खड्यासारखं दाताखाली येतं.

दुसऱ्या वाचनाचा एक धोका मात्र मान्य करायला हवा. उत्तर माहीत असलं की प्रत्येक ओळ पुरावा वाटायला लागते. प्येर बायार या फ्रेंच समीक्षकाने १९९८ साली याच कादंबरीवर पुस्तक लिहून खुनी दुसराच कुणीतरी आहे, डॉक्टरची बहीण कॅरोलाइन, असं मांडलं. ते वाचायला धमाल आहे, पण त्यातून हेही कळतं की पुरेसा हट्ट असला तर कुठल्याही पुस्तकात काहीही सापडतं. म्हणून मी एकट्या ओळीवर विश्वास ठेवत नाही. दुसऱ्या, स्वतंत्र जागेवरून तिला दुजोरा मिळायला हवा. इथे तो मिळतो: डॉक्टर नऊला दहा मिनिटं असताना घरातून निघाला, हे तो सांगतो आणि बटलर पार्करही सांगतो. फाटकापाशी तो बरोबर नऊला पोचतो. ते अंतर पाच मिनिटांचं आहे आणि रात्र थंडीची आहे. आणखी एक पोकळी, पहिलीशी नेमकी जुळणारी.

"पण निवेदकच खुनी, ही फसवणूक झाली," हा आक्षेप पुस्तकाइतकाच जुना आहे. मला तो पटत नाही. कळीच्या जागा तपासा. डॉक्टर खोटं बोलतो ते इतर पात्रांशी, संवादात. निवेदनात तो गप्प बसतो. प्रेत सापडल्यावर, पार्करला पोलिसांना फोन करायला पाठवून, जे थोडंफार करायचं होतं ते आपण केलं, एवढंच तो लिहितो. ते अक्षरशः खरं आहे: यंत्र बॅगेत टाकलं, खुर्ची मागे ढकलली. शेवटच्या प्रकरणात तो स्वतःच ही वाक्यं काढून दाखवतो आणि स्वतःवर खूश होतो. दुसरं वाचन कसं करायचं, याचा धडा ख्रिस्तीने पुस्तकातच ठेवलाय.

फसवणूक म्हणायचीच असेल तर ती त्या पुस्तकांना म्हणा, ज्यांत परत गेल्यावर हाती काही लागत नाही. आपण स्टार धक्क्याला देत राहिलो तर लेखक धक्केच लिहितील, आणि त्यात त्यांची चूक नसेल. पुढच्या वेळी एखादा थ्रिलर आवडला तर डिलीट करण्याआधी खुनाचं प्रकरण तेवढं परत उघडा. वीस मिनिटं लागतील. तिथे काही सापडलं नाही, तर शेवट ओळखता आला नव्हता यात लेखकाचं कौतुक काहीच नाही. ओळखण्यासारखं त्याने काही ठेवलंच नव्हतं.