पेशंट घरी नेऊ नका, म्हणे

मानसोपचारात एम.डी. होऊन बाहेर पडणाऱ्या मुलामुलींचा निरोप समारंभ असला की विभागप्रमुखांचं प्रास्ताविक ठरलेलं असतं. महाविद्यालय कुठलंही असो, मजकूर साधारण एकच. तुम्ही दिवसभर लोकांची दुःखं ऐकणार, त्याचं ओझं होणार. तेव्हा पेशंट दवाखान्यात ठेवून घरी जायला शिका. कातडी जरा जाड करा. आणि विसरू नका, तुमच्या कानावर कुणाचा तरी जीव टांगलेला आहे. टाळ्या पडतात, शाल-श्रीफळ होतं, मग फोटो. मी रेसिडेंट शिकवले आहेत आणि अशी भाषणं मान डोलावत ऐकलीही आहेत. या तीनही सल्ल्यांनी ओझं कमी तर होत नाहीच, उलट वाढतं, असं माझं म्हणणं आहे.

पूर्वपक्षावर अन्याय नको. हे बोलणारे प्रमुख कोरडे नसतात. तीन वर्षांच्या रेसिडेन्सीत पोरं कशी वाळतात हे त्यांनी पाहिलेलं असतं. रात्रभर इमर्जन्सी, सकाळी ओपीडीत शंभर केसपेपर, दुपारी वॉर्डात एखाद्या बाईची वीस वर्षांची कहाणी. स्वतःला सांभाळा, हे सांगायलाच हवं. प्रश्न आहे तो कसं सांभाळायचं, याचा.

पहिला सल्ला घेऊ. पेशंट घरी नेऊ नका. मुंबईत हे जमत असेल. परळच्या वॉर्डात भेटलेला माणूस डोंबिवलीच्या लोकलमध्ये पुन्हा दिसत नाही. पण याच तुकडीतलं कुणी उद्या सिंधुदुर्गात आलं आणि जामसंड्यात बसलं, तर? इथे पेशंटची आई बाजारात बांगडे विकते. त्याचा मेव्हणा रिक्षावाला. दिरबादेवीच्या जत्रेत तो सहकुटुंब समोर येतो आणि बायको ओळख करून देते, "हे आमचे डॉक्टर." दवाखान्याचं दार बंद करून काय उपयोग, सगळा गावच दाराबाहेर उभा! शिवाय इथला पेशंट तुमच्याकडे येण्याआधी घाड्याकडे जाऊन, देवाला कौल लावून आलेला असतो. भरती करायची तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, नाहीतर गोव्याला बांबोळी. दोन्हीकडे जाण्यात दिवस मोडतो, म्हणून घरचे टाळतात. मग रात्री साडेनऊला फोन येतो आणि तो घ्यावाच लागतो. शहरातल्या इमारतीकडे बघून केलेला उपदेश कोकणातल्या डॉक्टरला पहिल्याच पावसाळ्यात अपराधी करून सोडतो, कारण रोज मोडावाच लागेल असा नियम त्याला घालून दिलेला असतो.

तिसरा सल्ला, कानावर जीव टांगलेला असल्याचा, मला सगळ्यांत घातक वाटतो. तो दिसायला उदात्त आहे, म्हणून त्याच्याकडे नीट पाहिलं पाहिजे.

एक माणूस डोळ्यांपुढे आणू. कल्पनेतला आहे, पण देवगड तालुक्यात काम केलेल्या कुणालाही तो ओळखीचा वाटेल. चाळिशीचा, ट्रॉलरवरचा खलाशी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, हाती पैसा नाही, दारू वाढलेली. गेल्या वर्षी एकदा आंब्यावर फवारायचं औषध प्यायला होता, वाचला. यंदा पुन्हा बिघडल्यावर रत्नागिरीला तीन आठवडे राहून घरी आला. पुढची तारीख महिन्यानंतरची. दरम्यान जिल्ह्यात तीन महिन्यांसाठी नेमणुकीवर आलेल्या रेसिडेंट मुलीने त्याला मंगळवारच्या ओपीडीत पाहिलं. झोप विचारली, दारू विचारली, जीव नकोसा होतो का हेही विचारलं. तो म्हणाला, "नाय वो, आता बरा आसा." तिने तसं लिहिलं, गोळ्या दिल्या. पुढच्या आठवड्यात बातमी आली.

मग आई येते. भांडायला नव्हे. खुर्चीच्या कडेवर बसते आणि विचारते, "डॉक्टरानू, तुमी त्येच्याशी बोललास ना? तुमका कायच कसा कळाक नाय?"

"तुमच्या कानावर जीव टांगलेला आहे" हे ज्या मुलीने वरच्या तुकडीच्या निरोप समारंभात ऐकलं आहे, तिच्याकडे या प्रश्नाला उत्तर नसतं. मी नीट ऐकलं नाही, एवढंच तिला सुचतं. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. पोकॉर्नी नावाच्या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने १९८३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. मानसोपचारासाठी भरती झालेले ४,८०० माजी सैनिक त्याने तपासले आणि पुढे काही वर्षं त्यांचा माग ठेवला. त्यांतल्या ६७ जणांनी आत्महत्या केली. तपासणीने धोक्याचे म्हणून निवडलेले होते ८०३, आणि ६७ पैकी फक्त ३० जण त्या ८०३ मधले निघाले. म्हणजे धोक्याचा शिक्का बसलेल्या दर सत्तावीस जणांत सव्वीस आत्महत्येने गेले नाहीत. आणि जे गेले, त्यांतले निम्म्याहून अधिक शिक्का न बसलेल्यांतले होते. शिक्का अगदीच पोकळ नव्हता. त्या गटात प्रमाण चौपट होतं. पण या माणसाचं, या आठवड्यात काय होईल, हे त्यावरून सांगता येत नाही. पुढच्या चार दशकांत चित्र फारसं पालटलं नाही. २०२२ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांत तर स्पष्टच म्हटलं आहे की आत्महत्येचं भाकीत करायला किंवा कुणाला उपचार द्यायचे हे ठरवायला जोखमीच्या गुणपट्ट्या वापरू नका. देवगड बंदरावर बावटा चढला की सगळ्याच होड्या बांधतात. कुठली होडी बुडेल हे बावट्याने का सांगितलं नाही, असं कुणी विचारत नाही. मानसोपचारात मात्र आपण नेमकं तेच विचारतो आणि वर त्याला कर्तव्यनिष्ठा म्हणतो.

इथे आक्षेप ठरलेला आहे: ही तर हलगर्जीला सबब झाली. नाही. भाकीत जमत नाही म्हणून हिशेब मागायचाच नाही असं नाही, हिशेब भलत्या गोष्टीचा मागू नये. रुग्णालयातून घरी गेल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत धोक्याचा असतो, त्यातही पहिले काही दिवस; हे पक्कं माहीत आहे. मग रत्नागिरीहून आलेल्या माणसाला महिन्याची तारीख कुणी दिली? पहिल्या तीन दिवसांत त्याच्या घरी फोन करायचं काम कुणाच्या नावावर होतं? फवारणीची बाटली घरात आहे का, ती भावाने नेऊन ठेवली का, हे कुणी विचारलं? हे प्रश्न तपासता येतात, त्यांची उत्तरं कागदावर सापडतात, आणि त्यांतले बहुतेक त्या मुलीच्या कानाशी नव्हे, आपण उभ्या केलेल्या व्यवस्थेशी निगडित आहेत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तर पुष्कळदा दवाखान्याच्याही बाहेर असतं. श्रीलंकेने सर्वाधिक विषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि तिथल्या आत्महत्या खूप घटल्या. घरोघरी कुलुपाच्या पेट्या वाटून पाहिल्या, त्याने मात्र फरक पडला नाही.

आता दुसरा सल्ला, जाड कातडी. डोनाल्ड विनिकॉट या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ-मनोविश्लेषकाने १९४९ मध्येच लिहून ठेवलं की काही रुग्णांविषयी डॉक्टरच्या मनात द्वेष येतो, आणि तो ओळखला नाही तर उपचार फसतात. १९७४ मध्ये माल्ट्सबर्गर आणि ब्यूई या दोघांनी आत्महत्येच्या वाटेवरच्या रुग्णांपुरतं हेच आणखी खोलात नेलं. डॉक्टरला राग येतो तो निदान जाणवतो, असं ते सांगतात. खरा धोका किळसेचा, कारण ती माणसाला हळूच सोडून द्यायला लावते. समजा, आपला खलाशी वाचला, पुन्हा पिऊन आला, पुन्हा तारीख चुकवली. एका मंगळवारी तो आलाच नाही आणि रेसिडेंटला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं ही त्या दिवसाची सर्वांत महत्त्वाची नोंद आहे. पातळ कातडीच्या मुलीला ते टोचतं, आणि ती फोन लावते. कातडी जाड केलेल्याला काही जाणवतच नाही. तो पुढचा केसपेपर उचलतो. भावना गोठवून पाहिलेले डॉक्टर मी पाहिले आहेत. थकायचे ते थकतातच, फक्त आपण थकलोय हे त्यांना उशिरा कळतं.

तर मग प्रास्ताविकात काय सांगावं? माझ्या मते आधी एक आकडा सांगावा. स्कॉटलंडमधल्या ज्येष्ठ मानसोपचारतज्ज्ञांची एक पाहणी २००० साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ६८ टक्क्यांना आपल्या देखरेखीखालचा रुग्ण आत्महत्येने गमवावा लागला होता. पुढच्या रांगेत दहा जण बसले असतील तर त्यांतल्या सहा-सात जणांवर हा दिवस येणार. तो आल्यावर काय करायचं, हे त्यांना आजच माहीत हवं.

बातमी वॉर्डबॉयकडून कळू नये, वरिष्ठाने समोर बसवून सांगावी. केसपेपरला हात लावायचा नाही. काही राहिलं असेल तर त्या दिवसाची तारीख घालून नवी नोंद करायची, जुनी ओळ गिरवायची नाही. भीतीपोटी हात शिवशिवतात, म्हणून हे आधी सांगायला लागतं. घरच्यांना भेटायचं, टाळायचं नाही, पण एकटीने नाही. युनिटप्रमुख शेजारी बसलेले हवेत, आणि आईच्या प्रश्नाला पहिलं उत्तर त्यांनी द्यावं. काय चुकलं याची चौकशी आणि त्या मुलीला आधार, या दोन बैठका वेगळ्या. आपल्याकडे दोन्ही सोमवारच्या केस कॉन्फरन्समध्ये एकदम उरकतात, पंचवीस जणांसमोर. त्यानंतर ती मुलगी कुठल्याच पेशंटविषयी खरं बोलत नाही.

रोजच्या ओझ्यासाठी मायकेल बालिंट यांची पद्धत आहे. १९५० च्या दशकात त्यांनी लंडनमध्ये फॅमिली डॉक्टरांना घेऊन ती बसवली. आठ-दहा जण ठरल्या वारी तास-दीड तास बसतात. एक जण केसपेपर न उघडता, आठवेल तसं आपल्या पेशंटविषयी सांगतो. मग तो गप्प बसतो आणि इतर बोलतात: त्या पेशंटबद्दल, त्या डॉक्टरबद्दल, दोघांमध्ये काय चाललंय त्याबद्दल. सल्ला द्यायचा नाही. विभागप्रमुखांनीही आपली पाळी घ्यायची. ही शेवटची अट पुष्कळ ठिकाणी मोडते आणि मग गट महिन्याभरात बंद पडतो. याने आत्महत्या कमी होतात असा माझा दावा नाही. जे हायसं वाटणं एकट्याने लपवलं असतं ते निदान तोंडावाटे बाहेर येतं, एवढंच.

जामसंड्यात आठ-दहा मानसोपचारतज्ज्ञ कुठून आणणार? पूर्ण जिल्ह्यात जमवायचे म्हटले तरी मारामार. म्हणून इथे येणाऱ्याला विभागाने समारंभातच एक माणूस आणि एक वेळ ठरवून द्यावी: दर गुरुवारी रात्री नऊ वाजता फोन, पेशंट असो वा नसो. अडचण आली की कर, असं सांगितलं तर तो करत नाही. वरिष्ठाला त्रास कशाला, म्हणून.

समारंभात आई-वडील बसलेले असतात, त्यांच्यासमोर मरणाच्या गोष्टी कशाला, असं एका सहकाऱ्याने मला विचारलं. ते बसलेले असतात म्हणूनच. उद्या लेक जेवणाच्या ताटावर गप्प बसून राहिली तर घरच्यांना वाटतं नोकरी जड जातेय, दुसरी बघू. तिच्या विभागात अशा दिवशी कुणाला फोन करायचा असतो, हे त्यांना ठाऊक असलं, तर तो नंबर तिच्याऐवजी तेही फिरवू शकतील.